तोंडाची बचत, कानाची बचत

बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावला की ताटकळत ठेवताना एक धून वाजवतात. ती ऐकवत नाही. सनई मधूनच गायब होते, पुन्हा उगवते, तबल्याच्या जागी नुसती खरखर येते, आणि सतारीची तार कुणीतरी पाण्याखाली छेडतंय असं वाटतं. मग पलीकडे माणूस येतो, ‘बोला, काय मदत करू’ म्हणतो आणि त्याचं अक्षर न् अक्षर समजतं. लाइन तीच, मिनिटही तेच. तेव्हा ‘नेटवर्क खराब आहे’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथे लागू पडत नाही. नेटवर्क व्यवस्थित आहे. बिघाड गृहीतकात आहे: फोनने धरून चाललेलं असतं की या लाइनवरून फक्त माणसाचं तोंड बोलणार.

हे गृहीतक नीट समजून घेतलं, तर मोबाइलवर आवाज टिपताना पुढे येणारे तीनही प्रश्न, म्हणजे सँपल रेट किती, बिटरेट किती आणि फाइल कोणत्या प्रकारची, बरेच सुटे होतात. एरवी लोक एका ढोबळ नियमावर भागवतात: बोलणं हलकं, गाणं जड, बोलण्याला काहीही चालतं, गाण्याला मोठी फाइल लागते. नियम निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा भाग आपल्याकडची काही मोलाची रेकॉर्डिंगं वाया घालवतो, म्हणून त्याच्याशी भांडायला हवं.

आधी बोलणं इतक्या थोडक्यात कसं मावतं ते पाहू. स्वरयंत्रात एक गुंजन तयार होतं आणि घसा, जीभ, ओठ यांची नळी त्याला आकार देते. ही नळी क्षणात वेडीवाकडी होत नाही. मिलिसेकंदांच्या हिशेबात जीभ सावकाशच हलते. फोनचा कोडेक २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घेतो. बाईचा आवाज २०० हर्ट्झच्या आसपास असेल तर तेवढ्यात जवळपास सारखी चार आवर्तनं होतात. मग लाट जशीच्या तशी कशाला पाठवायची? नळीचा आकार, गुंजनाची उंची आणि जे काही उरलं ते, एवढं कळवलं की पलीकडचा फोन आवाज नव्याने घडवतो. ‘जे उरलं ते’ कसं कळवायचं हा खरा अवघड भाग होता. कानपूरला जन्मलेले आणि बेल लॅबमध्ये काम करणारे बिष्णू अटल यांनी मॅनफ्रेड श्रोडर यांच्याबरोबर १९८५ साली मांडलेल्या पद्धतीत त्यावर तोडगा निघाला: नमुन्यांची एक यादी दोन्ही टोकांना आधीच ठेवायची, त्यातला सर्वांत जवळचा नमुना शोधायचा आणि फक्त त्याचा क्रमांक पाठवायचा. आज खिशातला फोन संभाषण सेकंदाला १२-१३ हजार बिटांत बसवतो, तो याच कल्पनेच्या वंशजांवर. सीडीला त्याच सेकंदासाठी चौदा लाखांहून जास्त बिट लागतात.

ही बचत तोंडाच्या ज्ञानावर केलेली आहे. म्हणूनच सनई आणि तबला एकदम आले की ती कोसळते. दोन वाद्यांना मिळून एक नळी नसते, एक गुंजन नसतं. कोडेक तरीही त्यांना एका तोंडात कोंबू पाहतो. त्यात माणूस गप्प असताना पाठवणंच थांबवायची सोय फोनमध्ये असते. धुनेतला हळू भाग तिला शांतता वाटते आणि सनई गायब होते.

संगीताचे कोडेक दुसऱ्या टोकाने निघाले. ध्वनी कशातून निघाला याची त्यांना फिकीर नसते, तो ऐकणार कोण याची असते. मोठ्या स्वराच्या शेजारचा बारीक स्वर कानाला ऐकू येत नाही. मग तो कशाला साठवायचा? एमपीथ्री याच तत्त्वावर उभं आहे. ही बचत कानाच्या ज्ञानावरची. एमपीथ्री घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी पारखून घेण्यासाठी वापरलेलं प्रसिद्ध गाणं वाद्यवृंदाचं नव्हतं. ते होतं सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’: एक बाई, साथीला काहीही नाही. सुरुवातीच्या एमपीथ्रीत नेमकं तेच खराब वाजायचं. कारण सरळ आहे. वाद्यवृंदात कोडेकच्या चुका झाकायला भरपूर आडोसा असतो. एकट्या आवाजामागे लपायला जागाच नसते. शिवाय माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलोय, त्यातली बारीकशी खोटही लगेच कळते.

म्हणजे ‘बोलणं हलकं’ हे आवाजाचं अंगभूत लक्षण नव्हे. तोंडाचं ज्ञान असलेल्या कोडेकसाठी ते हलकं. कानाचं ज्ञान असलेल्या कोडेकसाठी एकटा आवाज चांगला अवघड. १६ किलोबिटांत ओपस कोडेकमधली व्हॉइस नोट नीट ऐकू येते आणि त्याच १६ किलोबिटांतलं एमपीथ्री ऐकवत नाही, त्याचं कारण हेच. नुसता आकडा सांगून काही कळत नाही, तो कोणत्या कोडेकचा हे विचारावं लागतं.

ओपस २०१२ साली प्रमाण म्हणून आला. त्याच्या पोटात दोन्ही कारागीर आहेत: स्काइपकडून आलेला बोलण्याचा भाग आणि झिफ या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांकडून आलेला संगीताचा भाग. कमी बिटरेटला पहिला पुढे येतो, जास्तीला दुसरा, मधल्या पट्ट्यात दोघे मिळून काम करतात. व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस नोटची फाइल फोनच्या फोल्डरमध्ये शोधलीत तर शेवटी `.opus` दिसेल.

सँपल रेटचा प्रश्न बिटरेटहून वेगळा आहे, पण लोक दोन्ही एकच समजतात. सँपल रेट म्हणजे सेकंदाला लाटेची किती मोजमापं घेतली. जेवढी मोजमापं, त्याच्या निम्म्याच्या आतले स्वर टिपता येतात, वरचे नाहीत. सेकंदाला ८,००० मोजमापं घेतली तर ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीही फाइलमध्ये येणार नाही, मग बिटरेट कितीही वाढवा. जुन्या टेलिफोनची पट्टी ३०० ते ३,४०० हर्ट्झ, आणि म्हणून त्याचा सँपल रेट ८ किलोहर्ट्झ. तेवढ्यात वाक्य समजतं, कारण संदर्भ मदतीला असतो. संदर्भ काढून घ्या, म्हणजे आडनाव, गावाचं नाव, औषधाचं नाव सांगा, की ‘स की श?’ सुरू होतं. ‘स’चा बहुतेक जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो, ‘श’चा त्याच्या खाली सुरू होतो. ३,४०० ला कात्री लावली की ‘स’चं अंगच कापलं जातं आणि उरतो तो कुठल्याही उष्म्याचा असू शकेल असा फुसका श्वास. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतल्या दोन वेगळ्या ‘च’मधला फरकही बराचसा याच वरच्या पट्टीत राहतो. कोकणातल्या एखाद्या आजीची बोली टिपायची आणि ८ किलोहर्ट्झवर टिपायची, म्हणजे ज्यासाठी गेलो तेच दाराबाहेर ठेवून यायचं.

सँपल रेट १६ किलोहर्ट्झ केला की ८,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं आत येतं, ‘स’ आपल्या जागी बसतो आणि बोलण्यापुरता प्रश्न संपतो. आजच्या फोरजीवरच्या कॉलचा आवाज जुन्या कॉलपेक्षा अंगावर आल्यासारखा स्पष्ट वाटतो, त्यामागे बिटरेटपेक्षा हा दुप्पट झालेला सँपल रेट जास्त आहे. संगीतासाठी मात्र पट्टी कानाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे २०,००० हर्ट्झपर्यंत न्यायची, म्हणून ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. (४४.१ हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमधून आला. सुरुवातीचं डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओच्या टेपवर होत असे, आणि पडद्याच्या वापरण्याजोग्या २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक रेषेत ३ मोजमापं, असा गुणाकार केला की ४४,१०० येतात. यात गूढ वगैरे काही नाही.) आणि २०,००० पर्यंत गेलंच पाहिजे असा हट्टही जपून धरावा. आकाशवाणीचं एफएम १५,००० हर्ट्झच्या वरचं प्रक्षेपित करत नाही, आणि पन्नाशीतल्या बहुतेकांना तेवढंही वरचं धड ऐकू येत नाही. एफएमवर रात्री लागलेली मैफल ऐकून ‘वरचे पाच हजार हर्ट्झ कुठे गेले’ असं विचारणारा मला अजून भेटायचाय.

आता ज्या जागी ‘बोलणं’ आणि ‘गाणं’ हे दोन्ही कप्पे उपयोगाचे नाहीत, तिथे जाऊ: जात्यावरची ओवी. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखावर आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता-ऐकता येतात. पण अजूनही अनेक घरांत एखादी मावशी, आत्या असतेच, जिला शंभर-दीडशे ओव्या पाठ आहेत आणि जिच्यापाशी कुणीच अजून माइक घेऊन गेलेलं नाही. भाचा सुट्टीला जातो, फोन काढतो, ‘म्हण गं मावशी’ म्हणतो. पुढची चाळीस मिनिटं कशी टिपली जातात, त्यावर सगळं अवलंबून.

त्या चाळीस मिनिटांत काय काय असतं ते नीट ऐका. मावशीचा एकटा आवाज. म्हणजे बोलण्याच्या कोडेकला सोयीचा. पण ती स्वर लांबवते आणि हेलकावे देते, ते साध्या बोलण्यात नसतात. जात्याची घरघर, खालपासून वरपर्यंत पसरलेली, सतत चालू, पण खुंटा फिरतो त्या लयीत कमी-जास्त होणारी. हातातल्या काचेच्या बांगड्या. क्षणभराचा किणकिणाट, ज्याचा मोठा हिस्सा फोनच्या पट्टीबाहेर वर कुठेतरी. मधूनच दुसरी बाई ओवीचा शेवट उचलून धरते, आता तोंडं दोन. आणि मधे मधे गप्पा: ‘ही ओवी माझ्या सासूची हं.’ या गप्पा ओवीइतक्याच महत्त्वाच्या, पण आवाजाने खूप हळू.

हे सगळं व्हॉइस नोट म्हणून टिपलं तर पहिला घाव बिटरेटचा बसत नाही. तो बसतो आवाज-सफाईचा. बोलण्यासाठी उघडलेला माइक बहुतेक फोनांत एका सफाई यंत्रणेतून जातो. सतत चालणारा, फारसा न बदलणारा ध्वनी म्हणजे गोंगाट, असं तिला शिकवलेलं असतं. पंखा काढायला हे उत्तम. पण जातंही सतत चालतं. यंत्रणा घरघर खाली दाबते, ओवी सुरू झाली की अर्धवट सोडते, ओवी थांबली की पुन्हा दाबते. ऐकताना जातं आवाजाबरोबर श्वास घेतल्यासारखं उघडमीट करत राहतं, आणि लांबवलेल्या स्वराचा शेवट, जिथे आवाज हळू होत विरतो, तो कापलेला असतो. ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: पुण्याहून गुरूंनी लावलेला तानपुरा न्यू जर्सीतल्या शिष्याला ऐकूच जात नाही, कारण तानपुऱ्याइतकं अखंड आणि एकसारखं दुसरं काय असतं? झूममध्ये त्यासाठीच `Original sound for musicians` ही सोय आहे. ती चालू केली की सफाई बंद पडते. तिथे कुणीही बिटरेट वाढवून तानपुरा परत आणू शकलं नसतं, कारण जे कोडेकपर्यंत पोचलंच नाही ते कोडेक काय साठवणार?

म्हणून पहिला निर्णय आकड्यांचा नाही. मेसेजिंग ॲपमधलं माइकचं बटण सोडायचं आणि स्वतंत्र रेकॉर्डर वापरायचा, ज्यात सफाई आणि आवाजाची आपोआप चढउतार बंद करता येते. दुसरा निर्णय सँपल रेटचा, आणि तो इथे सोपा आहे: ४८ किलोहर्ट्झ. बांगड्यांसाठी. १६ ला टिपलं तर त्या काचेच्या वाटणार नाहीत, लाकडावर लाकूड टेकल्यासारख्या वाजतील. चॅनेल एक पुरे. मावशी एका जागी बसलेली आहे आणि फोनचे दोन माइक वितभर अंतरावर असून स्टिरिओचं फारसं सुख देत नाहीत. २४ बिट असतील तर घ्यावेत, पण त्याचा अर्थ नीट समजून. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो आणि फोनच्या माइकचा स्वतःचा फुसफुसाट त्या तळाच्या बराच वर असतो. म्हणजे २४ बिटांनी आवाज ‘अधिक चांगला’ होत नाही, फक्त पातळी खाली ठेवायची मोकळीक मिळते. सर्वांत जोरातली ओवी काट्यावर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली की ऐनवेळच्या हसण्याने फाइल फाटत नाही, आणि हळू गप्पा मागाहून वर उचलता येतात.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. जागा आता फुकटासारखी आहे, फोनमध्येही शेकडो जीबी असतात. मग हा काटेकोरपणा कशाला, सगळंच ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवून द्या ना! संग्रहांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही किमान पायरी म्हटली आहे, ९६ ला प्रोत्साहनच आहे. मला हा आक्षेप संग्रहालयाच्या दारात मान्य आहे. तिथे जुन्या टेप आणि तबकड्या एकदाच उतरवून घ्यायच्या असतात आणि पुढे कोण त्यातून काय शोधेल सांगता येत नाही. पण भाच्याच्या हातात फोन आहे, आणि फोनच्या माइककडून २०,००० हर्ट्झच्या वर विशेष काही येतच नाही. तिथे ९६ घेणं म्हणजे निम्मी फाइल रिकाम्या पट्टीची साठवण. चाळीस मिनिटांचा हिशेब करून पाहा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट, चाळीस मिनिटांना सुमारे ३४६ एमबी. ९६ आणि स्टिरिओ केलं की चौपट, जवळपास १.४ जीबी. जागा आहे हो, पण ही फाइल गावातून वर चढवायची कुणी? दीड जीबी जात नाही म्हणून भाचा ती लहान करायला बसतो, हाती लागेल त्या ॲपने, कोणत्या तरी ठरलेल्या आकड्याला, आणि मूळ फाइल फोन बदलताना मागे राहते. जास्तीची गुणवत्ता अशी उलटी अंगावर येते. ज्या फाइलची दोन ठिकाणी प्रत ठेवणं जमतं, तीच योग्य आकाराची फाइल.

उलट बाजूचा आक्षेपही ऐकतो: ‘अहो, शब्द समजले की झालं.’ दूधवाल्याला निरोप द्यायचा असेल तर झालंच. तिथे २४ किलोबिटांचा ओपस मोनोही चैन आहे; चाळीस मिनिटं बोललात तरी ७ एमबी होतील. बैठकीचं टिपण, वर्गातलं व्याख्यान, आजोबांनी सांगितलेला जमिनीचा इतिहास, सगळं यात बसतं. इथे ४८ किलोहर्ट्झचं डब्ल्यूएव्ही ठेवणारा माणूस मला थोडा हौशी वाटतो. पण ओवीत शब्द समजणं ही निम्मीच गोष्ट. शब्द तर वहीतही लिहून घेता येतात.

मग ओवीच्या ऐकायच्या प्रतीला किती बिटरेट द्यायचा? बिट खर्च होतात ते अंदाज न येणाऱ्या गोष्टींवर. लांबवलेला स्वर स्वस्त. घरघर महाग, कारण तिचा पुढचा क्षण मागच्यावरून सांगता येत नाही. बांगडी सगळ्यांत महाग. संगीताचा कोडेक तुकड्यातुकड्याने काम करतो. एमपीथ्रीचा तुकडा ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंदांचा. त्या तुकड्याच्या शेवटी बांगडी वाजली आणि बिट अपुरे पडले, तर कोडेकची चूक तुकडाभर पसरते, बांगडीच्या आधीच्या शांततेतही. ऐकू येतं ते असं: किणकिण व्हायच्या आधी एक बारीक ‘छ्स’. तबल्याच्या ‘ना’आधी, टाळांच्या आधी हाच ‘छ्स’ येतो, आणि भजनाच्या स्वस्तातल्या एमपीथ्रीत तो जागोजाग सापडतो. कोडेक यावर छोटे तुकडे करण्याचा उपाय करतात, पण छोट्या तुकड्यांनाही बिट लागतात. घरघरीचं लक्षण वेगळं: बिट कमी पडले की ती वाळूसारखी दाणेदार न राहता घुळघुळीत, पाणचट होते. २४ किलोबिटांच्या ओपसमध्ये ओवीतलं जातं असंच वाहून जातं. ६४ किलोबिट मोनोला ते पुन्हा दगडाचं होतं. एमपीथ्री असेल तर मी ९६ च्या खाली जाणार नाही. आणि कधी ३२ किलोबिटांच्या एमपीथ्रीवर भागवायची वेळ आलीच, तर सँपल रेट २४ किंवा २२.०५ पर्यंत खाली आणा. थोडे बिट मोठ्या पट्टीवर पसरण्यापेक्षा लहान पट्टीवर दाट बसलेले बरे. इथे कमी सँपल रेट जास्त चांगला ऐकू येतो, आणि ‘मोठा आकडा म्हणजे भारी’ मानणाऱ्यांना हेच पटत नाही.

फाइलच्या प्रकारात मला चवीचा प्रश्न कमी आणि अपघाताचा जास्त दिसतो. फोनचे रेकॉर्डर बहुधा `.m4a` बनवतात. या पेटीत आत कुठे काय आहे याची अनुक्रमणिका असते, आणि ती सहसा रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. पस्तिसाव्या मिनिटाला बॅटरी संपली आणि ॲपने सावधगिरी घेतलेली नसली, तर ध्वनी सगळा फाइलमध्ये असतो पण कोणताच प्लेअर तो उघडत नाही. दुरुस्ती कधी जमते, कधी नाही. `.wav` मध्ये याच अपघातात फक्त सुरुवातीला लिहिलेली लांबी चुकते, पुढचा ध्वनी सरळ ओळीत पडलेला असल्यामुळे ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये कच्चा डेटा म्हणून आयात करता येतो. ओपसची नेहमीची पेटी आणि एमपीथ्री यांत अनुक्रमणिकेवाचून चालतं. जिथे तुटलं तिथपर्यंत वाजतं. लाइट जाणाऱ्या घरात रेकॉर्डिंग करताना हा फरक ‘कोणता कोडेक श्रेष्ठ’ या चर्चेहून जड आहे. म्हणून टिपताना `.wav`, आणि दर दहा मिनिटांनी थांबवून नवी फाइल.

घरी आल्यावर मूळ फाइल एफएलएसीत घ्यायची. त्यात एकही बिट हरवत नाही आणि आकार साधारण निम्म्याच्या आसपास येतो. त्याच मुळातून बाकीच्या प्रती काढायच्या, प्रतीवरून प्रत काढायची नाही. संगणकावर `ffmpeg` असेल तर एवढंच:

```
ffmpeg -i ovi.wav ovi.flac
ffmpeg -i ovi.wav -ac 1 -c:a libopus -b:a 64k -application audio ovi.opus
ffmpeg -i ovi.wav -ac 1 -c:a libmp3lame -b:a 96k ovi.mp3
```

चाळीस मिनिटांना ओपसची प्रत १९ एमबीच्या आसपास, एमपीथ्रीची २९. निव्वळ बोलणं असलेल्या फाइलला दुसऱ्या ओळीत `24k` आणि `-application voip` लिहावं. मग तोंडाचा कारागीर पुढे येतो. एमपीथ्री कशाला, असं कुणी विचारेल. मावशीच्या घरात मेमरी कार्ड घालायचा छोटा स्पीकर आहे म्हणून. असल्या स्पीकरांना बहुतेकदा ओपस कळत नाही आणि एमपीथ्री हमखास कळतं. तिला स्वतःचा आवाज ऐकता येणार नसेल, तर उत्तम कोडेक कुणासाठी निवडला?

या सगळ्या आकड्यांवर पाणी फिरवणारी एक गोष्ट मात्र सेटिंगच्या पानावर दिसत नाही. कानात ब्लूटूथचा इयरफोन असेल आणि रेकॉर्डर त्याचाच माइक वापरत असेल, तर आवाज बहुधा कॉलच्या रस्त्याने येतो: सहसा ८ किंवा १६ किलोहर्ट्झने. पुढे रेकॉर्डर त्यावर इमानदारीने ४८ किलोहर्ट्झचं लेबल लावतो. फाइल मोठी होते, आत मात्र टेलिफोन असतो. हेच उलट्या रूपानेही घडतं: कुणीतरी १६ किलोबिटांची व्हॉइस नोट ‘दर्जा वाढवून’ डब्ल्यूएव्ही करून पाठवतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, मूळ फाइल मिळाली.

हे ओळखायला तरबेज कान लागत नाहीत. ऑडॅसिटीत फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम दाखवायला सांगा. आडवा वेळ, उभी पट्टी, जिथे ध्वनी तिथे उजेड. खऱ्या ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये मावशी ‘स’ म्हणते तिथे उजेडाचा झुपका वर दहा-बारा हजारांपर्यंत चढतो आणि हळूहळू विरतो. बांगडी म्हणजे तळापासून वरपर्यंत एक बारीक उभी रेघ. फसव्या फाइलमध्ये ४,००० किंवा ८,००० वर फूटपट्टीने आखल्यासारखी आडवी कड दिसते आणि तिच्या वर मिट्ट काळोख. १६,००० च्या आसपास अशी कड दिसली तर बहुधा मधे कुठेतरी १२८ किलोबिटांचं एमपीथ्री होऊन गेलंय. नैसर्गिक आवाज असा एका रेषेत कधी थांबत नाही. ही तपासणी मावशीच्या घरीच, पहिल्या मिनिटाच्या नमुन्यावर करावी, संगणक जवळ नसेल तर फोनवरच्या एखाद्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपवर. नंतर कळून काय उपयोग?

आणि फाइल पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये ती डॉक्युमेंट म्हणून जोडावी. पलीकडे पोचल्यावर तिथल्या माणसाला बाइटमधला आकार वाचून दाखवायला सांगावं. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला तर बहुतेक तीच फाइल पोचली. न जुळला तर मधे कुणीतरी तिला हात लावलाय.